ब्लेंडरमधला झेंडा: फडकवणं आणि फडकत ठेवणं

ब्लेंडरमध्ये झेंडा फडकवायला बसणाऱ्या बहुतेकांची पहिली संध्याकाळ सारखीच जाते. एक आयत घ्यायचा, त्याचे बारीक चौकोन पाडायचे, एका कडेचे बिंदू काठीपाशी खिळवायचे, वारा सोडायचा आणि स्पेसबार दाबायचा. झेंडा हलू लागतो आणि आनंद होतो. दुसऱ्या दिवशी तीच फाइल रेंडरला लावावी तर झेंडा पुठ्ठ्यासारखा ताठ उभा असतो. नाहीतर एखाद्या फ्रेमला त्याचं टोक पडद्याबाहेर उडून जातं. किंवा काल पडलेली सुरेख घडी आज शोधूनही सापडत नाही.

या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. हाडं लावलेलं पात्र किंवा फिरणारा कॅमेरा आपण कुठल्याही फ्रेमला पाहू शकतो, कारण त्या फ्रेमची स्थिती कीफ्रेमवरून थेट काढता येते. कापडाचं तसं नाही. एकशेविसाव्या फ्रेमला झेंडा कसा दिसेल हे एकशेएकोणिसाव्या फ्रेमला तो कुठे होता आणि किती वेगाने कुठे चालला होता यावर ठरतं, आणि ती फ्रेम तिच्या आधीच्या फ्रेमवर. स्वेटर विणताना जसं शंभराव्या ओळीवर थेट जाता येत नाही, आधीच्या नव्व्याण्णव ओळी घालाव्याच लागतात, तसंच हे गणित आहे. मध्ये एक टाका सुटला की पुढचं सगळं बिघडतं. म्हणून कापडाच्या कामात दोनच गोष्टींची काळजी घ्यायची: गणित वाटेत फुटू नये, आणि एकदा नीट झालेलं गणित हरवू नये.

हे गणित फुटतं कसं, ते समजायला ब्लेंडर कापडाकडे कोणत्या नजरेने पाहतो ते आधी बघावं लागेल. त्याच्या लेखी कापड म्हणजे बिंदूंचं जाळं. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये स्प्रिंग असते. ताणलं की ती आत ओढते, दाबलं की बाहेर ढकलते. चौकोन तिरपा होऊ नये म्हणून कर्णावरही ओढ असते, आणि कापड दुमडताना विरोध व्हावा म्हणून आणखी एक. गुरुत्वाकर्षण, वारा आणि या स्प्रिंगांची ओढाताण यांची बेरीज करून प्रत्येक बिंदू पुढच्या क्षणी कुठे जाईल ते काढलं जातं. साध्या पद्धतीत अडचण अशी, की स्प्रिंग कडक असेल आणि कालावधीचा टप्पा मोठा असेल तर बिंदू परत येताना आपल्या जागेच्या पलीकडे जातो, पुढच्या टप्प्यात त्याहून जास्त पलीकडे, आणि काही टप्प्यांतच सारं कापड फुटून विखुरतं. १९९८ साली डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी यावर एक निबंध मांडला. पुढच्या क्षणी जी बलं लागू होतील त्यांचा हिशोब याच क्षणी समीकरणात घ्यायचा, म्हणजे मोठे टप्पे टाकूनही कापड शाबूत राहतं, असं त्याचं सार. पुढे ते दोघेही पिक्सारमध्ये गेले आणि २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’ मधल्या छोट्या बूच्या अंगातला ढगळ सदरा त्यांच्या पद्धतीवर हलला. ब्लेंडरमध्ये कापडाची सोय २००८ साली २.४६ या आवृत्तीत आली, आणि तिचा गाभाही भविष्याचा हिशोब धरणाऱ्या याच जातीच्या गणिताचा आहे. त्यामुळे ब्लेंडरचं कापड सहजासहजी फुटत नाही. फुटलं तर बहुतेक वेळा आपण दिलेल्या जाळ्यात किंवा आकड्यांत काहीतरी विसंगत असतं.

उदाहरण म्हणून राष्ट्रध्वजच घेऊ. भारतीय ध्वजसंहितेने ठरवून दिलेल्या आकारांपैकी एक आहे १८०० बाय १२०० मिलिमीटरचा. लांबी आणि रुंदीचं प्रमाण अर्थातच ३:२. शाळेच्या मैदानावरचा, दहा सेकंदांचा, सेकंदाला २५ फ्रेम या हिशोबाने २५० फ्रेमचा प्रसंग करायचा आहे असं धरू.

पहिली चूक आयतातच होते. ब्लेंडरचा साधा प्लेन घेऊन तो आडवा ताणला आणि मग त्याचे तुकडे पाडले तर लांबी आणि रुंदीला सारखेच तुकडे पडतात आणि प्रत्येक चौकोन लांबट होतो. अशा जाळ्यात आडव्या आणि उभ्या स्प्रिंगांची लांबी वेगवेगळी असल्याने कापड एका दिशेने अवघडून दुमडतं. त्यापेक्षा Grid घ्यावा, त्याचे आडवे ६० आणि उभे ४० भाग करावेत, आणि आकार १.८ मीटर बाय १.२ मीटर करावा. प्रत्येक चौकोन बरोबर ३ सेंटिमीटरचा होतो आणि एकूण बिंदू होतात २,५०१. मग ऑब्जेक्ट मोडमध्ये Ctrl+A दाबून Scale कायम करायचा. ही पायरी गाळली तर माणसाला दिसणारा आकार एक आणि ऑब्जेक्टवर नोंदलेलं प्रमाण दुसरंच, असा घोळ राहतो. पुढे जाडी, अंतर यांचे आकडे मनाजोगे लागत नाहीत. आकार खऱ्या मीटरमध्येच ठेवण्याचं कारणही हेच आहे. गुरुत्वाकर्षण ९.८१ धरलेलं असतं आणि कापडाच्या टकरीची अंतरं मीटरमध्ये मोजलेली असतात. अठरा मीटर लांबीचा ध्वज केला तर तो तितक्याच अवाढव्य कापडासारखा संथ डुलेल, आणि अनेकांना वाटतं की दोष वाऱ्यात आहे.

झेंड्यावरचा रंग आणि अशोकचक्र आत्ताच, कापड सपाट असताना, चिकटवून घ्यावं. त्यानंतर काठीकडच्या कडेचे बिंदू निवडून त्यांचा व्हर्टेक्स ग्रुप करायचा आणि कापडाच्या Shape या भागात Pin Group म्हणून तो द्यायचा. ग्रुपमध्ये ज्याचं वजन १ तो बिंदू जागचा हलत नाही. कडेच्या ४१ बिंदूंना सरसकट १ दिलं तर झेंडा लोखंडी पट्टीला वेल्ड केल्यासारखा दिसतो. खरा ध्वज वर आणि खाली दोरीला बांधलेला असतो, आणि मधल्या भागात दोरी कापडाच्या नेफ्यातून जाते. म्हणून वरच्या आणि खालच्या टोकाला १ आणि मधल्या बिंदूंना थोडं कमी वजन दिलं की कडही वाऱ्याबरोबर किंचित पोटाळते. एवढ्याशा फरकाने झेंडा खरा वाटू लागतो.

आता वजन आणि वारा. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त वेळ याच दोन आकड्यांत वाया जातो. फिजिक्सच्या टॅबमध्ये Cloth लावलं की Vertex Mass असा एक रकाना दिसतो आणि त्यात ०.३ किलो असं लिहिलेलं असतं. हे साऱ्या कापडाचं वजन नाही, एकेका बिंदूचं आहे. आपल्या ध्वजाचे २,५०१ बिंदू धरले तर सरळ गुणाकार साडेसातशे किलोच्या घरात जातो. तो आकडा शब्दशः घ्यायचं कारण नाही. ब्लेंडरमधली बलं प्रयोगशाळेतल्या एककांत मोजलेली नसतात. पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: जाळं बारीक केलं की कापड आपोआप जड होतं.

वाऱ्याचं उलट आहे. ब्लेंडर वाऱ्याचा दाब चौकोनाच्या क्षेत्रफळावरून काढतो आणि तो त्याच्या बिंदूंमध्ये वाटतो. जाळं दुप्पट बारीक केलं, म्हणजे १२० बाय ८०, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारं क्षेत्रफळ चौथाई होतं आणि वाऱ्याचं बलही चौथाई. वजन मात्र तेवढंच. परिणाम असा, की ६० बाय ४० वर झकास फडकणारा झेंडा अधिक बारीक सुरकुत्यांच्या हौसेने १२० बाय ८० केला की लोंबू लागतो. तेव्हा वारा चौपट करण्यापेक्षा बिंदूचं वजन चौथाई करणं हे बरोबर उत्तर आहे. वजन न घटवता वारा वाढवत नेला तर जड कापड आपल्याच भाराने रबरासारखं ताणलं जातं आणि ध्वजाची लांबी सव्वापट दिसू लागते. चक्र लंबगोल झालं की हाच दोष समजावा.

आपल्या ६० बाय ४० च्या ध्वजासाठी Silk हा तयार संच निवडावा. त्यात बिंदूचं वजन ०.१५ आहे आणि दुमडण्याला होणारा विरोध अगदी थोडा, ०.०५. खादीचा ध्वज रेशमापेक्षा थोडा ताठ असतो, म्हणून Bending ०.२ पर्यंत नेता येईल. वाऱ्यासाठी Force Field मधून Wind आणायचा. त्याचा बाण ज्या दिशेला रोखलेला असेल तिकडे वारा वाहतो. Strength सुरुवातीला १ असतं आणि त्याने झेंड्याचं पानही हलत नाही. आकडा शेकड्यांत लागतो. या मापाच्या ध्वजाला ३०० पासून सुरुवात करून डोळ्यांनी पाहत वाढवावा.

वाऱ्याची दिशा ठरवताना आणखी एक गोम आहे. ब्लेंडर फक्त कापडाच्या पृष्ठावर काटकोनात पडणारा दाब मोजतो. झेंडा सपाट असताना वारा अगदी त्याच्या लांबीच्या दिशेने सोडला तर काटकोनातला भाग शून्य, म्हणजे दाबही शून्य. मग कापड वाऱ्याला दादच देत नाही. आपल्याच सपाटीत राहून खाली घसरतं. काचेच्या दोन पट्ट्यांत अडकल्यासारखा झेंडा खाली सरकताना दिसला की वारा पंधरा-वीस अंशांनी तिरका करावा. खऱ्या हवेत मात्र झेंडा वाऱ्याच्या सरळ रेषेतही फडफडतो, कारण कापडाच्या कडेवरून हवेचे भोवरे सुटतात, ते कापडाला ढकलतात, आणि हललेलं कापड पुन्हा हवेला वळवतं. ब्लेंडरच्या कापडात हवा ही वस्तूच नाही. कापड वाऱ्याला वळवू शकत नाही, त्यामुळे भोवरेही निर्माण होत नाहीत. नुसता Wind लावलेला झेंडा थोडा वेळ हेलकावतो आणि मग फुगलेल्या शिडासारखा एका जागी स्थिर होतो.

त्यावरचा उपाय म्हणजे Turbulence नावाचं दुसरं बलक्षेत्र. त्याची Size साधारण ०.६ मीटर ठेवावी, म्हणजे ध्वजाच्या लांबीत दोन-तीन लाटा मावतात. Strength वाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, इथे १००. पण ही खळबळ अवकाशात गोठलेली असते. एका ठिकाणी डावीकडे ढकलणारं बल दहाव्या फ्रेमलाही तिथेच आणि दोनशेव्या फ्रेमलाही तिथेच. झेंडा तिच्या आकारात बसला की पुन्हा स्थिर. म्हणून Global ची खूण काढून ते क्षेत्रच वाऱ्याच्या दिशेने सरकवायचं. सेकंदाला पाच मीटर या वेगाने झुळूक जावी असं वाटत असेल तर दहा सेकंदांत ५० मीटर. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमला दोन कीफ्रेम आणि मधला वेग Linear. आता लाटा काठीकडून मोकळ्या टोकाकडे धावतात, आणि पाहणाऱ्याला जो फडफडाट ओळखीचा वाटतो तो हाच.

हवेचा आणखी एक भाग Air Viscosity या रकान्यात आहे. हवा हलणाऱ्या कापडाचा वेग खाते. इथला १ हा नेहमीचा आकडा तेच करतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर लावलेल्या ध्वजाला वरून एक आडवी दांडी होती, कारण तिथे हवा नसल्याने तो पसरून राहिलाच नसता. काठी रोवताना बसलेले हेलकावे थांबवायलाही तिथे हवा नव्हती. तो प्रसंग ब्लेंडरमध्ये करायचा असेल तर वारा काढून टाकायचा, वरची कडही खिळवायची, सीनचं गुरुत्वाकर्षण १.६२ करायचं आणि हा आकडा शून्यावर आणायचा. पृथ्वीवरच्या झेंड्यासाठी मात्र १ च्या खाली जाण्याची गरज क्वचितच पडते.

राहिला गणिताच्या टप्प्यांचा प्रश्न. Quality Steps म्हणजे एका फ्रेमचे किती तुकडे करून हिशोब करायचा; सुरुवातीला ५. रेशमासारख्या मऊ कापडाला ते पुरतात. पण ताण रोखणारा Tension आपण १५ वरून ४० किंवा ८० केला, तर कडक स्प्रिंग त्याच पाच टप्प्यांत सांभाळायची जबाबदारी गणितावर येते. कापड जागच्या जागी थरथरू लागतं. विशेषतः वारा थांबल्यावरही कडेचे बिंदू मुंग्या चालाव्यात तसे वळवळतात. ही थरथर म्हणजे फुटण्याआधीची सूचना आहे. कडकपणा वाढवला की टप्पेही वाढवायचे, १० किंवा १२ पर्यंत. ब्लेंडरच्या तयार संचांतही जाड, कडक डेनिमला मऊ कापडापेक्षा जास्त टप्पे दिलेले आहेत. टप्पे दुप्पट केले तर वेळही जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणून ते कारणाशिवाय वाढवू नयेत. आपल्या ध्वजाला ८ पुरेत.

कापडाची घडी स्वतःतूनच आरपार जाऊ नये म्हणून Self Collisions ची खूण असते. तिचं Distance सुरुवातीला ०.०१५ मीटर, म्हणजे दीड सेंटिमीटर. आपला चौकोन ३ सेंटिमीटरचा असल्याने ते चालतं. जाळं १२० बाय ८० केलं तर चौकोनच दीड सेंटिमीटरचा होतो आणि जवळचे बिंदू एकमेकांना ‘दूर हो’ म्हणून ढकलू लागतात. मग हे अंतर ०.००५ पर्यंत खाली आणावं लागतं. ही खूण गणित बरंच मंदावते. झेंड्याची चाल मनासारखी जमेपर्यंत ती बंद ठेवावी आणि शेवटच्या फेरीतच लावावी. काठीला कोलायडर करण्याचीही सहसा गरज नसते. कड खिळलेली आहे, आणि वारा झेंड्याला काठीपासून दूरच नेतो.

कापडावर Subdivision Surface लावायचा असेल तर तो मॉडिफायरच्या यादीत Cloth च्या खाली हवा. वर ठेवला तर वाढलेले सारे बिंदू गणितात जातात आणि वर सांगितलेला वजन-वाऱ्याचा तोल ढासळतो. खाली ठेवला की गणित २,५०१ बिंदूंवरच होतं आणि रेंडरमध्ये कापड मात्र गुळगुळीत दिसतं.

झेंड्याऐवजी पात्राच्या खांद्यावरचा झगा असेल, किंवा ऐतिहासिक अ‍ॅनिमेशनमधल्या मावळ्याच्या खांद्यावरचा शेला, तर हे सगळं लागू होतंच, पण एक नवा वाटेकरी येतो: शरीर. कापड ज्या शरीरावर आपटणार त्याला Collision लावावं लागतं. बोटं, कान, दागिने यांसकट सगळं पात्र कोलायडर करू नये. धड, दंड आणि पाय यांचा साधा, कमी बिंदूंचा, रेंडरमध्ये न दिसणारा पुतळा त्याच हाडांना बांधावा आणि त्यालाच Collision द्यावं. गणित हलकं होतं आणि काखेच्या सांदीत कापड अडकून फाटल्यासारखं होण्याचे प्रसंगही कमी होतात.

झग्यात कापड शरीराच्या आरपार का जातं, याचा हिशोब कागदावर मांडता येतो. तलवार चालवताना हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरला तर २५ फ्रेमच्या सेकंदात तो एका फ्रेममध्ये २० सेंटिमीटर सरकतो. पाच टप्पे असतील तर प्रत्येक टप्प्याला ४ सेंटिमीटर. दंडाची जाडी दहा सेंटिमीटर असेल तर तीन टप्प्यांत तो पुरता पलीकडे पोचतो आणि कापडाला सुटायला दोनच तपासण्या मिळतात. टप्पे १५ केले की उडी सुमारे १.३ सेंटिमीटरवर येते. शिवाय Collisions भागातला Quality २ वरून ४ किंवा ५ करावा, म्हणजे प्रत्येक टप्प्यात टक्कर अधिक वेळा सोडवली जाते. वेगवान हालचालीत कापड शरीरात शिरत असेल तर कडकपणा वाढवून उपयोग होत नाही. हेच दोन आकडे वाढवावे लागतात.

खांद्यावर थरथर होत असेल तर कारण वेगळं असतं. कापडाचं टकरीचं अंतर दीड सेंटिमीटर आणि शरीराची बाहेरची जाडी, Thickness Outer, २ सेंटिमीटर. दोन्ही मिळून साडेतीन सेंटिमीटरचा पट्टा कापडाला वर्ज्य होतो. झग्याचे खिळलेले बिंदू मात्र आपण खांद्याला चिकटवून, त्याच पट्ट्यात ठेवलेले असतात. खिळा म्हणतो इथेच राहा, शरीर म्हणतं बाहेर हो, आणि बिंदू दोघांत झगडत राहतात. दोन्ही अंतरं पाच-पाच मिलिमीटरवर आणावीत. तेवढ्यानेही भागलं नाही तर Object Collisions मधल्या Vertex Group मध्ये खिळलेले बिंदू देऊन त्यांना शरीराच्या टकरीतून वगळावं. खिळलेल्या ओळीचं वजन १, आणि पुढच्या तीन-चार ओळींत ते हळूहळू शून्यावर नेलं की कापड बिजागरीसारखं एका रेषेत न मोडता खांद्यावरून ओघळतं. Armature मॉडिफायर Cloth च्या वर असायला हवा, नाहीतर खिळे हाडांबरोबर चालतच नाहीत.

झगा असो की झेंडा, पहिल्या फ्रेमला कापड सपाट आणि अनैसर्गिक असतं. वारा एकदम आदळला की पहिल्या दहा-वीस फ्रेमना कापड दचकल्यासारखं उसळतं. म्हणून गणिताला धाव घ्यायला जागा द्यायची. आपला प्रसंग २५० फ्रेमचा असला तरी गणित ३१० फ्रेमचं करायचं: पहिल्या ३० फ्रेमांत वारा शून्यावरून ३०० वर न्यायचा, पुढच्या ३० फ्रेमांत झेंड्याला लय सापडू द्यायची, आणि कॅमेरा ६१ व्या फ्रेमपासून सुरू करायचा. झग्याच्या बाबतीत याच काळात पात्राला हात पसरलेल्या मूळ पवित्र्यातून पहिल्या खऱ्या पवित्र्यात हळूहळू आणावं.

गणित झालं की ते टिकवायचं. प्ले करताना ब्लेंडर प्रत्येक फ्रेमचा निकाल तात्पुरता साठवत जातो; टाइमलाइनच्या तळाशी सरकणारी रंगीत पट्टी म्हणजे तोच कॅशे. एखादा आकडा बदलला की तो साठा बाद होतो आणि पहिल्या फ्रेमपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. अनेकजण आकडा बदलतात आणि मधल्याच फ्रेमवरून प्ले करतात. मग जे दिसतं ते ना जुनं ना नवं. प्रत्येक बदलानंतर पहिल्या फ्रेमवर परत जाण्याची सवय हाताला लावून घ्यावी. टाइमलाइनच्या Playback मेन्यूत Sync समोर Play Every Frame आहे ना, तेही एकदा पाहावं. तिथे Frame Dropping असेल तर वेग राखण्यासाठी ब्लेंडर मधल्या फ्रेम गाळतो, आणि गाळलेल्या फ्रेमवरून कापड पुढे नीट जाऊ शकत नाही.

चाचणी संपली की Cloth च्या Cache भागात जायचं. पहिली गोष्ट End चा आकडा. तो २५० असतो आणि सीनची लांबी वाढवली म्हणून आपोआप वाढत नाही. आपण तो ३१० केला नाही तर २५० व्या फ्रेमनंतर झेंडा हवेत गोठून राहील, आणि रेंडर संपेपर्यंत ते लक्षातही येणार नाही. मग साठ्याला नाव द्यायचं, समजा Dhwaj, आणि Disk Cache ची खूण करायची. त्याआधी फाइल सेव्ह केलेली हवी, कारण साठा फाइलच्या शेजारीच ठेवला जातो. फाइल shala.blend असेल तर blendcache_shala नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यात Dhwaj_000001_00.bphys, Dhwaj_000002_00.bphys अशी दर फ्रेमला एक फाइल पडते. आपल्या ध्वजाच्या साऱ्या फ्रेम मिळून काही दहा एमबींतच मावतात, तेव्हा जागेची कंजूषी करायचं कारण नाही. मग Bake दाबायचं. सीनमध्ये झेंडा, झगा, पडदा असं अनेक कापड असेल तर Bake All Dynamics सगळ्यांचं एकदम करतं. बेक झाल्यावर कापडाचे रकाने फिके पडतात. आता चुकून आकडा बदलून साठा उडत नाही. बदल करायचाच असेल तर आधी Delete Bake.

प्ले करताना पडलेलीच चाल अप्रतिम वाटली असेल तर ती पुन्हा मोजण्याऐवजी Current Cache to Bake दाबून जशीच्या तशी पक्की करता येते. हे बटण फारसं कोणी वापरत नाही आणि ते वापरावं.

Disk Cache ची खूण नसेल तर बेक केलेला साठा थेट .blend फाइलमध्ये जातो. एकट्याने, एका यंत्रावर काम करणाऱ्याला ते सोयीचं आहे. फोल्डरची पद्धत फाइल हलकी ठेवते, पण तिचा एक धोका आहे: फोल्डरचं नाव फाइलच्या नावावरून पडतं. shala.blend ला Save As करून shala_final.blend केलं की ब्लेंडर blendcache_shala_final शोधतो, आणि असा फोल्डर नसतो. झेंडा ताठ. सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारींपैकी पहिली बहुतेक वेळा अशीच घडते. नाव बदललं तर फोल्डरचीही त्याच नावाने प्रत काढावी, आणि फाइल कुणाला पाठवताना फोल्डरही सोबत द्यावा.

प्रसंग अनेक यंत्रांवर वाटून रेंडर करायचा असेल तर बेक न करता चालतच नाही. एका यंत्राला ६१ ते १२० फ्रेम दिल्या आणि दुसऱ्याला १२१ ते १८०, तर दुसऱ्या यंत्राकडे पहिल्या १२० फ्रेमांचा इतिहासच नसतो. अशा वेळी आणखी खात्रीचा मार्ग म्हणजे Alembic. झेंडा निवडून ६१ ते ३१० फ्रेम .abc फाइलमध्ये एक्स्पोर्ट करायच्या आणि ती फाइल नव्या सीनमध्ये आणायची. तिथे कापडाचं गणित उरतच नाही; दर फ्रेमला बिंदू कुठे आहेत एवढंच Mesh Sequence Cache हा मॉडिफायर वाचत राहतो. कोणत्याही फ्रेमवर थेट जाता येतं, आणि अलेम्बिक वाचणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तोच झेंडा उघडतो. मात्र वारा बदलायचा झाला तर मूळ फाइलकडे परतावं लागतं, म्हणून Cloth असलेली मूळ .blend कधीही पुसू नये.

रेंडर लावण्याआधी शेवटची तपासणी अशी करावी: ब्लेंडर पूर्ण बंद करायचा, फाइल पुन्हा उघडायची आणि प्ले न करता थेट ३१० व्या फ्रेमवर जायचं. झेंडा पसरलेला दिसला तर साठा जागेवर आहे. ताठ दिसला तर रेंडर लावू नका. आधी फोल्डरचं नाव आणि End चा आकडा तपासा.